मुरघासाच्या पिशवीतली हवा

मुरघास कसा करायचा हे आपल्यातल्या बऱ्याच जणींना आता माहीत आहे. मका कापायचा, कुट्टी करायची, पिशवीत भरायची, दाबायची, तोंड बांधायचं आणि दीड महिन्यानं उघडायचं. आज आम्ही एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहोत: सगळं नीट करूनही काही पिशव्यांना बुरशी का लागते.

आमच्या गटाने पहिल्यांदा पाच पिशव्या भरल्या होत्या. प्रत्येकीत साधारण ८०० किलो मका. पंचेचाळीस दिवसांनी पहिली उघडली तर वरचा दीड वीतभर थर काळपट झालेला, मध्ये मध्ये निळसर-हिरवे आणि पांढरे पुंजके. त्याच्याखाली मात्र माल उत्तम, पिवळसर हिरवा, लोणच्यासारखा आंबट वास. गटातल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, आंबलंय तर छान. आंबटात किडा पडत नाही म्हणतात, मग बुरशी कशी आली?" प्रश्न अगदी बरोबर होता आणि तेव्हा आम्हाला त्याचं उत्तर देता आलं नाही. ते शोधताना जे समजलं, ते आज सांगतो.

आधी पिशवीत काय होतं ते पाहू. कापलेला मका लगेच मरत नाही. कुट्टी झाल्यावरही त्याचा श्वास चालूच असतो. पिशवीत राहिलेली हवा तो वापरतो, आपली साखर जाळतो आणि गरम होतो. हवा थोडी असेल तर काही तासांत संपते. हवा संपली की चाऱ्यावर आधीपासूनच असलेले आंबवणारे सूक्ष्मजीव जोर धरतात. दुधाचं दही करणारे जसे असतात, त्याच जातकुळीतले हे. मक्यातली साखर खाऊन ते आम्ल तयार करतात. मक्यात साखर पुरेशी असते, म्हणून त्यात गूळ घातलाच पाहिजे असं नाही.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. माती परीक्षणाच्या कागदावर आपण 'सामू' हा शब्द वाचतो. साध्या पाण्याचा सामू ७. आंबटपणा वाढतो तसा हा आकडा खाली येतो. ताज्या मक्याचा सामू साधारण ६ असतो, आणि चांगल्या मुरघासाचा ३.८ ते ४.२ पर्यंत उतरतो. म्हणजे घटतो तो आकडा. आंबटपणा वाढतोच. सामू पडला म्हणजे आंबटपणा कमी झाला, असं आमच्याही काही जणी समजत होत्या. पहिल्या आठवड्यातच हा आकडा भरभर खाली येतो आणि साधारण तीन आठवड्यांत एका जागी थांबतो. एवढ्या आंबटात चारा कुजवणारे, घाण वास आणणारे जिवाणू वाढू शकत नाहीत. म्हणून चारा महिनोन्‌महिने टिकतो.

मग काकूंचा प्रश्न. आंबटपणा कुजवणाऱ्या जिवाणूंना अडवतो हे खरं, पण बुरशीला अडवत नाही. बुरशीला आंबट चालतं. तिला चालत नाही ते हवेशिवाय राहणं. आपल्या कैरीच्या लोणच्याचंच बघा ना. खार आंबट असतो, मीठ भरपूर असतं, तरी वर तेल नसेल आणि फोड उघडी राहिली तर तिच्यावरच बुरशी येते. तेलाखालच्या फोडीवर येत नाही. तेल काय करतं? हवा अडवतं. मुरघासात तेलाचं काम दाबण्याने आणि घट्ट बांधण्याने होतं.

बुरशी येते तीही एकदम नाही. हवा मिळाली की आधी यीस्ट नावाचे बारीक जीव जागे होतात. ताडी किंवा पाव फुगतो तो यांच्यामुळेच. ते आम्लच खातात. आम्ल संपत जातं तसा सामू पुन्हा वर चढतो, चारा गरम होतो, आणि मग बुरशीबरोबर इतर जिवाणूही आत येतात. म्हणून बुरशी दिसायच्या आधी चारा गरम लागतो. हात खुपसला आणि आतला चारा बाहेरच्या हवेपेक्षा स्पष्ट गरम लागला, तर बिघाड सुरू झाला असं समजावं. डोळ्यांना पुंजके नंतर दिसतात. आम्ही त्या पहिल्या पिशवीत सामूची पट्टी लावून पाहिली होती. मधल्या चांगल्या भागात रंग ४ दाखवत होता, बुरशीच्या थरात ७ जवळ. जो थर बाकीच्या मालासारखाच आंबट असायला हवा होता, तो साध्या पाण्यासारखा झाला होता.

आता हवा आत राहते कुठून, हे महत्त्वाचं. आमच्या पाच पिशव्यांत तीन वेगवेगळ्या वाटा सापडल्या.

पहिली वाट म्हणजे दाब कमी. त्या पहिल्या पिशवीचा वरचा थर संध्याकाळी अंधार पडताना भरला होता. जिच्या घरची पिशवी, तिने खालचे थर पाय ठेवून ठेवून तुडवले होते, पण वर आल्यावर पिशवी डगमगते म्हणून हाताने थोपटून सोडून दिलं. आणि तोंड बांधताना आतली हवा दाबून काढली नाही. दीड वीत खराब झाला तो नेमका तोच भाग. तेव्हापासून आम्ही एक साधी खूण ठेवली आहे: पिशवीत किती पाट्या गेल्या ते मोजायचं. एकाच मापाच्या दोन पिशव्यांत एकीत ४० पाट्या बसल्या आणि दुसरीत ३२ च बसल्या, तर दुसरीत ८ पाट्यांच्या जागेत हवा आहे. वर्ण, वास यांनी कळण्याआधी ही मोजणी कळवते. थर चार ते सहा इंचांचेच घालावेत, आणि प्रत्येक थर तुडवून झाल्यावरच पुढचा. कुट्टीही अर्धा ते पाऊण इंचाची हवी. लांब कांड्या एकमेकींत अडकतात आणि पोकळी ठेवतात.

ओलावाही याच्याशीच जोडलेला आहे. कुट्टी मुठीत घेऊन अर्धा मिनिट दाबायची आणि मूठ उघडायची. तळहात ओलसर झाला आणि गोळा हळूहळू सुटला, तर योग्य. बोटांमधून पाणी टपकलं तर मका फार ओला आहे. असा चारा आंबण्याऐवजी सडतो, त्याला खवट तुपासारखा वास येतो. आणि गोळा लगेच विस्कटला तर मका वाळलेला आहे, तो कितीही तुडवला तरी दबत नाही. दाणा चिकातून पुढे जाऊन घट्ट होऊ लागला, पण नखाने अजून दबतो, तेव्हा कापलेला मका बहुधा बरोबर निघतो.

दुसरी वाट उंदराची. एका पिशवीचा खालचा कोपरा कुरतडलेला होता, भोक करंगळीएवढं. बाहेरून वाटलं काय होणार. पण उघडल्यावर त्या भोकापासून आत दोन वीतांपर्यंत चारा काळा पडला होता. बाहेर भोक लहान असलं तरी हवा आतल्या दिशेने पसरत जाते. आता आम्ही पिशव्या धान्याच्या कणगीपासून लांब, उंचवट्यावर ठेवतो, आठवड्यातून एकदा चारी बाजूंनी हात फिरवतो, आणि भोक दिसलं की तेव्हाच चिकटपट्टी लावतो. उद्या लावू म्हणायचं नाही.

तिसरी वाट उघडल्यानंतरची, आणि आमच्या मते तीच सर्वांत जास्त नुकसान करते. पिशवी उत्तम भरली, उत्तम बांधली, उत्तम आंबली. पण एकदा तोंड उघडलं की रोज वरच्या थराला हवा लागते. रोज वरून एक सारखा थर काढला, तर हवा खोल जायच्या आत आपण तिथपर्यंत पोहोचतो. थर पातळ काढला तर हवा आपल्या पुढे धावते. उन्हाळ्यात रोज निदान चार ते सहा इंच थर निघावा, असं धरून चालावं.

आता हिशेब करून बघा. आमच्या गटातल्या एका बाईकडे दोन गाई. दोन्हींना मिळून दिवसाला २० किलो मुरघास. पिशवी ८०० किलोची, दबून बसलेली उंची साधारण ५५ इंच. ८०० भागिले २० म्हणजे पिशवी ४० दिवस पुरणार. पण ५५ इंच ४० दिवसांत म्हणजे दिवसाला दीड इंचाहूनही कमी. चैत्रात तिने पिशवी उघडली आणि आठव्या दिवशी माल गरम लागला. तिची चूक काहीच नव्हती. पिशवी तिच्या दावणीपेक्षा मोठी होती.

यावर आम्ही असा तोडगा काढला: चार घरांनी मिळून एका वेळी एकच पिशवी उघडायची. चार घरांचा मिळून रोजचा चारा ६० किलो. मग तीच पिशवी १३ दिवसांत संपते आणि दिवसाला चार इंचांवर थर निघतो. सकाळी एकत्र येऊन थर काढायचा, आपापली पाटी भरायची, तोंड पुन्हा घट्ट गुंडाळून वर दगड ठेवायचा. नेलेला चारा त्याच दिवशी घालायचा. पुढची पिशवी दुसऱ्या घरची. हिशेबाची वही लागते आणि कुणाची पिशवी आधी उघडायची यावरून थोडी कुरबूरही होते, ते सांगायला हवं. ज्यांना एकट्यानेच करायचं आहे, त्यांनी शंभर किलोच्या आतल्या छोट्या पिशव्या भराव्यात. एक उघडली की पाच दिवसांत संपते. छोट्या पिशव्यांना प्लास्टिक जास्त लागतं, पण फेकावा लागणारा चारा वाचतो.

खराब झालेल्या थराचं काय करायचं, हे बऱ्याच जणी विचारतात. वरचं पांढरं पुसून खालचं घालू का, वाळवून घालू का. नाही. बुरशी दिसते त्याच्या भोवतीचा वीतभर भाग तरी काढून टाकावा, कारण तिचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या पलीकडे गेलेले असतात. काही बुरशी विष सोडतात. त्यांपैकी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष गाईच्या पोटातून दुधात उतरतं आणि दूध उकळल्यानेही जात नाही. ते दूध आपल्याच घरातली लेकरं पितात. शिवाय नीट न आंबलेल्या मुरघासात वाढणाऱ्या काही जिवाणूंमुळे गाभण जनावराचा गर्भ पडू शकतो, म्हणून शंकेचा माल गाभणीच्या पुढे अजिबात टाकू नये. हा माल उकिरड्यात घालावा, शेळ्यांपुढेही नको.

आमच्या त्या पहिल्या पिशवीतून जवळपास दीडशे किलो असाच उकिरड्यात गेला. दोन गाईंचा सात-आठ दिवसांचा चारा. काकूंनी तो स्वतःच्या हाताने टाकला आणि पुढच्या वर्षी पिशवीवर सर्वांत वर चढून तुडवायला त्याच उभ्या राहिल्या. त्या पिशवीत ४१ पाट्या बसल्या.