खुंटीच नसलेलं रक्त

आई ‘ए’ गटाची, वडील ‘बी’ गटाचे. चार मुलं, आणि चौघांचे गट चार: एकाचा ए, एकाचा बी, तिसऱ्याचा एबी आणि धाकट्याचा चक्क ओ. चिखलदऱ्यात असो की चांदूरबाजारात, असं घर सापडलं तर त्यात काहीच गैर नाही. रक्तगटाचं जनुक प्रत्येकाकडे दोन प्रतींत असतं, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. या आईकडे ए आणि ओ अशा दोन प्रती आहेत, वडिलांकडे बी आणि ओ. मूल जन्माला येताना दोघांकडून एकेक प्रत येते, आणि ओ ही प्रत दुसरीसमोर दिसत नाही. म्हणून दोन्हीकडून ओ आली तरच मूल ओ गटाचं. दर बाळंतपणात ती शक्यता चारात एक. आधीच्या भावंडांना काय मिळालं याच्याशी तिचा काही संबंध नाही.

याच हिशेबाने एबी गटाच्या माणसाला ओ गटाचं मूल होणार नाही, कारण द्यायला त्याच्याकडे ओची प्रतच नाही. हा नियम इतका पक्का मानला गेला की त्याच्या आधारावर लोकांनी बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवलं. आणि हा नियम कुठे मोडू शकतो हे पहिल्यांदा कळलं ते मुंबईत.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांच्यासमोर एक विचित्र रक्त आलं. साध्या तपासणीत ते ओ दिसत होतं, पण दुसऱ्या कुठल्याही ओ रक्ताशी ते जुळेना. ओ म्हणजे सगळ्यांना चालणारा दाता, असं आपण शाळेपासून ऐकलेलं. इथे तर ओ रक्तच या रक्ताला शत्रू वाटत होतं. लंडनच्या तज्ज्ञांसोबत त्यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये छापलं आणि जगाच्या वैद्यकात या रक्ताला ‘बॉम्बे’ हेच नाव पडलं.

हे समजून घ्यायला तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर उतरावं लागतं. तिथे साखरेच्या लाखो बारीक साखळ्या बाहेर डोकावत असतात. आपण ‘ए जनुक’, ‘बी जनुक’ म्हणतो, पण ही जनुकं रक्तगट तयार करत नाहीत. ती कामगार तयार करतात, म्हणजे विकर. साखळीच्या टोकाला आधी फ्यूकोज नावाची साखर बसते आणि ‘एच’ नावाची खुंटी तयार होते. मग ए चा कामगार त्या खुंटीवर एक टोपी अडकवतो, बी चा दुसरी. बीची टोपी म्हणजे गॅलॅक्टोज, दुधातल्या साखरेचा अर्धा भाग; एची टोपी तीच, फक्त तिला एक छोटीशी शेपटी जोडलेली. हे दोन कामगार साडेतीनशेहून अधिक अमिनो आम्लांचे बनलेले आहेत आणि दोघांत फरक आहे अवघ्या चारांचा. तेवढ्यावर कुणाचं रक्त कुणाला चालेल ते ठरतं! नेहमीच्या ओ प्रतीत तर जनुकातलं एक अक्षर गळालेलं असतं. पुढचं सगळं वाचन विस्कटतं, कामगार घडतच नाही, आणि खुंट्या उघड्या राहतात. ओ गट म्हणजे उघड्या एच खुंट्यांचा गट.

बॉम्बे गटात ही खुंटीच नसते. खुंटी बसवणारं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे, टोप्यांचं नवव्यावर, त्यामुळे दोघांचा वारसा एकमेकांपासून स्वतंत्र चालतो. आई आणि वडील दोघांकडून खुंटीची बिघडलेली प्रत आली, तर त्या माणसाकडे बीचा कामगार धडधाकट असला तरी टोपी अडकवायची कुठे? तपासणीत तो ओ दिसतो. १९५५ साली अमेरिकेत अशा एका घराची नोंद झाली: आई ओ दिसणारी, वडील ए, आणि मुलगी एबी. पुस्तकी नियमाने अशक्य. खरं तर आईकडे बीचं जनुक होतंच, ते उमटायला जागा नव्हती. मुलीला वडिलांकडून खुंटीची चांगली प्रत मिळाली आणि आजवर दडून राहिलेला बी तिच्या पेशींवर उगवला. डीएनए तपासणी नसलेल्या काळात अशा आईवर काय बालंट आलं असतं, ते सांगायला नको.

आता रक्त न जुळण्याचं कारण. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली गट मांडले तेव्हाच दिसलं होतं की माणसाच्या रक्तद्रवात, जी टोपी त्याच्याकडे नाही तिच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं आधीपासून तयार असतात. रक्त कधीही न चढवलेल्या माणसातसुद्धा. ती येतात कुठून? आपल्या आतड्यातल्या जंतूंच्या अंगावर अशाच साखरा असतात. बाळ काही महिन्यांचं झालं की त्याचं शरीर त्या साखरांविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवू लागतं, फक्त स्वतःच्या अंगावर असलेल्या सोडून. म्हणून ए गटाच्या माणसाला बी रक्त दिलं की ही प्रतिद्रव्यं आलेल्या पेशींना चिकटतात आणि त्या रक्तवाहिनीतच फुटतात. थंडी वाजून ताप, कंबरेत कळ, लाल-काळी लघवी. पुढे मूत्रपिंडं बंद पडू शकतात. त्याला पिशवीभर रक्त लागत नाही, थोडं पुरतं. म्हणून पहिली काही मिनिटं परिचारिका रुग्णाजवळून हलत नाही आणि शंका येताच आधी रक्त थांबवते. आरएचचं गणित वेगळं: त्याची प्रतिद्रव्यं आधीपासून नसतात, परकं रक्त किंवा पॉझिटिव्ह बाळाचा गर्भ यांच्याशी गाठ पडल्यावर ती बनतात.

बॉम्बे गटाच्या माणसाकडे ए, बी आणि एच तिन्ही नाहीत, म्हणून तिन्हीविरुद्ध प्रतिद्रव्यं आहेत. आणि एच सगळ्यात जास्त कुठे? ओ रक्तात. ज्याला आपण सर्वांचा दाता म्हणतो तोच या माणसाला सर्वांत घातक. उलट याचं रक्त, आरएच जुळत असेल तर, तत्त्वतः कुणालाही चालेल. पण इतकं दुर्मीळ रक्त कुणी असं खर्च करत नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक असा माणूस सापडतो, युरोपात दहा लाखांत एक.

ओळखायचं कसं? पेशींना ए आणि बीविरुद्धचे थेंब घातले तर काहीच गुठळी होत नाही; अहवालात ‘ओ’ लिहून मोकळे झाले की चूक तिथेच झाली. उलटी तपासणीही करायची: रुग्णाचा रक्तद्रव ज्ञात ए, बी आणि ओ पेशींत मिसळायचा. खऱ्या ओ माणसाच्या रक्तद्रवाने ओ पेशी मुळीच गोळा होत नाहीत. बॉम्बेवाल्याच्या रक्तद्रवाने त्याही होतात. शंका आली की युलेक्स नावाच्या काटेरी युरोपीय झुडपाच्या बियांचा अर्क पेशींवर टाकतात. तो फक्त एच खुंटीला धरतो. पेशी ढिम्म राहिल्या की निदान पक्कं. आणि या पायऱ्या राहून गेल्या तरी क्रॉसमॅच उरतो: पेढीतली एकही ओ पिशवी जुळत नाही.

म्हणून क्रॉसमॅच टाळणं परवडत नाही, घाईत तर नाहीच. चिखलदऱ्याच्या पठारावर रक्तस्राव होणाऱ्या बाळंतिणीला घाट उतरवून परतवाड्याला, तिथून अमरावतीला नेताना घड्याळ डोक्यावर बसलेलं असतं, आणि ‘ओ आहे ना, लावा’ हे वाक्य तोंडी येतंच. अशा वेळी जुळत नसलेली पिशवी पाहून तंत्रज्ञाने किटला दोष न देता वरच्या पेढीला फोन लावावा, तिथून बॉम्बे दात्यांच्या यादीपर्यंत पोहोचता येतं. तोवर घरच्यांनी नुसते आईवडील पुढे करून भागत नाही. त्यांच्याकडे बहुधा एकेक चांगली प्रत असतेच. तपासायची सख्खी भावंडं, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकाला बॉम्बे असण्याची शक्यता चारात एक असते. मामा-भाची किंवा जवळच्या नात्यातलं लग्न घराण्यात असेल, तर तीच बिघडलेली प्रत दोन्हीकडून येण्याचा योग वाढतो. आणि शस्त्रक्रिया आधीपासून ठरलेली असेल, तर रुग्णाचं स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवता येतं: चार अंशांच्या आसपास काही आठवडे, ग्लिसरॉल घालून खोल गोठवलं तर वर्षानुवर्षं.