उपाशीपोटी कॉफी आणि पित्त

सकाळी उठल्याउठल्या कॉफी घेतली आणि दहाच्या सुमारास छातीत जळजळू लागलं, आंबट ढेकर आले, की घरातलं निदान ठरलेलं असतं: 'उपाशीपोटी कॉफी प्यायलीस, पित्त होणारच!' हे निदान अर्धंच बरोबर आहे.

कॉफी आम्लधर्मी खरी, पण तिचा पीएच साधारण ५ असतो. रिकाम्या जठरातल्या रसाचा पीएच दीड-दोन, म्हणजे तो कॉफीपेक्षा हजार किंवा त्याहून जास्त पटींनी तीव्र. तेव्हा कपातल्या आम्लाने पोट जळत नाही. कॉफीमुळे गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढतं आणि त्याच्या प्रभावाने जठर स्वतःच जास्त आम्ल सोडतं. कॅफीन काढलेल्या कॉफीनेही हे होतं, त्यामुळे सगळा दोष कॅफीनच्या माथी मारता येत नाही.

हे आम्ल सोसायला जठराला आतून बुळबुळीत अस्तर असतं. म्हणून निरोगी माणसाला नुसत्या कॉफीने अल्सर होत नाही. त्याची मुख्य कारणं म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. जळजळ होते ती आम्ल अन्ननलिकेत चढल्यामुळे, कारण तिथे असं अस्तर नाही. जठराच्या तोंडाशी असलेली झडप ज्यांची मुळातच सैल, त्यांना कॉफी जास्त बाधते.

मग आधी खाल्लं तर? थोडा फायदा होतो. अन्न काही आम्ल शोषून घेतं, आणि कॅफीन रक्तात सावकाश उतरल्याने धडधड, हात थरथरणं कमी होतं. पण काय खाता हे पाहायला हवं. पुरी-भाजी किंवा वडा खाऊन वर कॉफी घेतली, तर तेलकट अन्न जठरात रेंगाळतं आणि जळजळ उलट वाढू शकते. त्यापेक्षा अर्धी पोळी किंवा थोडे पोहे बरे. आठवडाभर असं करूनही जळजळ तशीच राहिली, तर पुढचा आठवडा कॉफी पूर्ण बंद करून पाहा. तरीही फरक नसेल तर कारण कॉफी नाही. रात्रीचं उशिराचं जेवण किंवा तंबाखू यांच्याकडे बघा.

एक गंमत मात्र आहे. जेवणाबरोबर किंवा नंतर तासाभरात घेतलेली कॉफी अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाही. जेवणाआधी तासभर घेतलेली तसा अडथळा आणत नाही. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला कॉफी पोटात जळत नसेल, तर न्याहारीच्या तासभर आधीची कॉफीच तिच्या सोयीची.

गिळताना अडकणं, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा कारणाशिवाय वजन घटणं यांपैकी काहीही दिसलं, तर कॉफीचे प्रयोग थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा.