कर्नल क्रॉशे यांचे पत्र

२२ जुलै १९१६ या तारखेचे एक पत्र आहे. फ्रान्समधल्या सोम नदीच्या आघाडीवरून, रॉयल वेल्च फ्युझिलियर्स या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे कमांडिंग ऑफिसर कर्नल क्रॉशे यांनी ते लंडनजवळच्या विम्बल्डनमध्ये राहणाऱ्या मिसेस ग्रेव्ह्ज यांना लिहिले. तुमचा मुलगा जखमांनी दगावला, तो फार धैर्याने वागला, त्याच्या जाण्याने पलटणीचे मोठे नुकसान झाले आहे, असा त्याचा आशय. ज्याच्याबद्दल हे लिहिले तो कॅप्टन रॉबर्ट ग्रेव्ह्ज. पुढे हा मोठा कवी आणि कादंबरीकार झाला आणि डिसेंबर १९८५मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, माजोर्का बेटावर वारला. म्हणजे या सांत्वनपत्रानंतर तो एकोणसत्तर वर्षे जगला.

रणांगणातून आईवडिलांना आलेली अशी पत्रे वाचण्याचा नाद मला फार वर्षांपासून आहे. लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये मी ती तासन्‌तास वाचली आहेत, आणि तिथे माझा एक समज पक्का झाला. अशा पत्रातली धीर देणारी वाक्ये माहिती म्हणून सर्वांत कच्ची असतात. लिहिणारा जिथे जरा अडखळतो तिथेच काहीतरी खरे हाती लागते. हे नीट कळण्यासाठी क्रॉशे यांच्या पत्राइतका चांगला नमुना नाही, कारण इथे पत्राचा विषय असलेला माणूसच पुढे साक्ष द्यायला उरला.

पद्धत थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी मारला गेला की घरी तार जाई. साध्या शिपायाच्या घरी तार नाही, तर टपालाने एक छापील फॉर्म जाई, आर्मी फॉर्म बी १०४-८२. त्यात नाव, नंबर, तारीख तेवढी हाताने भरलेली असे. खरा मजकूर त्यानंतर येणाऱ्या खासगी पत्रात असे. शिपायासाठी ते बहुधा प्लॅटूनचा किंवा कंपनीचा अधिकारी लिही, अधिकाऱ्यासाठी स्वतः कर्नल. पाद्री, डॉक्टर, हाताखालचा अर्दली हेही लिहीत. एवढे पुरे.

आता २० जुलैकडे येऊ. त्या दिवशी पलटण हाय वुड या जंगलावरच्या हल्ल्यासाठी राखीव म्हणून मागे थांबली होती. जागा होती बाझाँतँ गावाजवळच्या टेकडावरची, तिथल्या दफनभूमीच्या आसपास. जर्मन तोफा सुरू झाल्या आणि एक गोळा ग्रेव्ह्जच्या मागे काही पावलांवर फुटला. एक तुकडा मांडीत वर, जांघेजवळ घुसला. दुसरा खांद्याच्या फऱ्याखालून शिरून छातीतून पुढे निघाला, म्हणजे फुप्फुसातून आरपार गेला. डोळ्यावर एक बारीक कपची लागली, ती बहुधा थडग्याच्या संगमरवराची असावी, असे त्याने पुढे लिहिले. पलटणीचे डॉक्टर जे. सी. डन यांनी जखमा बांधल्या आणि त्याला स्ट्रेचरवरून मॅमेट्झ वुडच्या टोकाशी असलेल्या उपचार केंद्रात नेण्यात आले. ते पूर्वी जर्मनांचेच केंद्र होते.

डॉक्टर डन यांच्याविषयी इथे थोडे लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्यांनी पलटणीतल्या लोकांच्या डायऱ्या, पत्रे आणि आठवणी गोळा करून १९३८मध्ये ‘द वॉर द इन्फन्ट्री न्यू’ नावाचे जाडजूड पुस्तक काढले आणि त्यावर स्वतःचे नावही घातले नाही. एका पलटणीचे रोजचे जगणे कसे होते हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी ग्रेव्ह्जच्या प्रसिद्ध आत्मचरित्रापेक्षा आधी हे पुस्तक उघडावे. ग्रेव्ह्ज गोष्ट रंगवून सांगतो, डन नोंद करतात.

२० जुलैच्या रात्री उशिरा कर्नल क्रॉशे हाय वुडहून परतले आणि उपचार केंद्रात गेले. कोपऱ्यात ग्रेव्ह्ज बेशुद्ध पडलेला त्यांना दिसला. हा काही वाचत नाही, असे तिथल्या लोकांनी सांगितले. जखमींची रांग लागलेली असताना जगण्याची आशा असलेल्यांना आधी पुढे पाठवायचे आणि बाकीच्यांना कोपऱ्यात ठेवायचे, हा तिथला नियमच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मृतदेह उचलताना ग्रेव्ह्जचा श्वास चालू असल्याचे कुणाच्या तरी लक्षात आले आणि त्याला रुग्णवाहिकेतून एली गावच्या इस्पितळाकडे रवाना केले गेले. पण ही बातमी कर्नलपर्यंत पोहोचलीच नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचली ती उलटी: ग्रेव्ह्ज गेला, असे फील्ड अँब्युलन्सकडून पत्र आले आहे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी मृतांच्या यादीत त्याचे नाव घातले आणि त्याच्या आईला पत्र लिहायला बसले.

त्या पत्रात काय आहे ते पाहा. मुलगा शूर होता, हे कर्नलना स्वतःला माहीत होते. डॉक्टर ताबडतोब त्याच्यापर्यंत पोहोचले, हेही खरे. मग येते की तो मागच्या तळाकडे नेताना वाटेत गेला, आणि इथे कर्नल आपणहून म्हणतात, ‘असे मला वाटते’. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानावर आलेले यांतला फरक त्यांनी पुसून टाकला नाही. याउलट त्याला फारशा वेदना झाल्या नाहीत, हे वाक्य मात्र बेधडक आहे. फुप्फुसातून तुकडा आरपार गेलेल्या माणसाबद्दल हे कुणालाही खात्रीने सांगता येणार नव्हते. पण कोणत्या कर्नलने याहून वेगळे लिहिले असते? मला हे खोटे वाटत नाही. आईला लिहिताना एवढे एक वाक्य घालण्याचा हक्क त्या माणसाला होता असे माझे ठाम मत आहे.

या आईचीही एक गोष्ट आहे. अमेली ग्रेव्ह्ज माहेरची फॉन रांके, म्हणजे जर्मन, थोर इतिहासकार लिओपोल्ड फॉन रांके यांच्या घराण्यातली. तिचा मुलगा जर्मन गोळ्याने मेला, हे इंग्रज कर्नल तिला कळवत होता. २४ जुलैला मुलाचा एकविसावा वाढदिवस होता.

पुढे टाइम्समध्ये मृत्यूची बातमी छापून आली. ग्रेव्ह्जचा मित्र, कवी सिगफ्रीड ससून, त्याच्यासाठी शोक करत बसला. ज्यांचे त्याच्याशी कधी जमले नव्हते त्यांनीही आईला त्याच्या गुणांचे वर्णन करणारी पत्रे धाडली. मग तो जिवंत असल्याचे कळले, टाइम्सने दुरुस्ती छापली, आणि क्रॉशे यांनी दुसरे पत्र लिहिले, या वेळी थेट ग्रेव्ह्जला. तुझा जीव वाचला याचा आनंद सांगता येत नाही, असे म्हणून चुकीची बातमी आपल्याला कुणाकडून आली तेही त्यांनी त्यात लिहिले. फील्ड अँब्युलन्सच्या पत्राची हकिकत आपल्याला याच पत्रातून कळते. व्यवहारात त्रास झाला तो एवढाच की कॉक्स या लष्करी बँकेने मेलेल्या माणसाचा पगार थांबवला आणि त्याचे चेक वटेनात.

ही अपवादाची गोष्ट झाली. सोमच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ला, ब्रिटिशांची ५७,४७० माणसे जखमी, मृत वा बेपत्ता झाली आणि त्यांतली १९,२४० मेली. वाचलेल्या थोड्या अधिकाऱ्यांवर किती पत्रांचा भार आला असेल याची यावरून कल्पना यावी. म्हणूनच ‘मृत्यू तत्काळ आला’, ‘सर्वांचा लाडका होता’, ‘नीट पुरून वर क्रूस लावला आहे’ ही वाक्ये पत्रामागून पत्रात येतात. त्यांत माहिती शोधू नये. कोण लिहितो, तो तिथे हजर होता का, घटनेनंतर किती दिवसांनी लिहितो, दोन पत्रांत तारीख जुळते का, हे पाहावे.

कधी कधी कमांडिंग ऑफिसरला लिहिण्यापेक्षा जास्त माहीत असते. कॅप्टन एडवर्ड ब्रिटन १५ जून १९१८ला इटलीतल्या असियागो पठारावर डोक्यात गोळी लागून मारला गेला. त्याच्या पलटणीचे कर्नल चार्ल्स हडसन त्याच लढाईत जबर जखमी झाले, आणि त्याच लढाईसाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एडवर्डची बहीण, लेखिका व्हेरा ब्रिटन, लंडनच्या इस्पितळात त्यांना पुन्हा पुन्हा भेटली. भाऊ कसा गेला ते सगळे सांगा, एवढेच तिचे मागणे होते. हडसन ताठ राहिले, तुटक बोलले. तिला वाटले की हा माणूस भावाच्या शौर्याचे श्रेय दडवतो आहे, आणि १९३३च्या आपल्या पुस्तकात तिने तसे सुचवलेही. पुढच्या वर्षी हडसन तिला भेटले आणि खरे कारण सांगितले. एडवर्डच्या पत्रव्यवहारातले एक पत्र लष्कराने उघडले होते. शिपायांशी समलैंगिक संबंध असल्याच्या आरोपावरून त्याच्यावर कोर्टमार्शलची वेळ येणार होती आणि लढाईच्या आदल्याच दिवशी हडसननी त्याला आडून सूचना दिली होती. त्या काळी तो कायद्याने गुन्हा होता. आईवडिलांच्या हयातीत पत्रात हे लिहिणे म्हणजे मुलगा दुसऱ्यांदा हिरावून घेणे. सोळा वर्षे गप्प राहून, वर कृपणतेचा ठपका घेऊन, हडसन यांनी योग्यच केले असे मला वाटते.

आणि ज्यांच्यासाठी कुणालाच खात्रीने लिहिता येत नसे, त्या बेपत्तांचे आईवडील? आपल्या मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेले रडयार्ड किपलिंग त्यांतलेच एक. त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा जॉन सप्टेंबर १९१५मध्ये लूसच्या लढाईत नाहीसा झाला. किपलिंग त्याच्या रेजिमेंटच्या माणसांना गाठून विचारत राहिले. त्यांचे मित्र रायडर हॅगार्ड यांना एक शिपाई सापडला. त्याने जॉनला तोंडाला झालेल्या जखमेने रडताना पाहिले होते. हॅगार्डनी ते डायरीत लिहिले आणि मित्राला सांगितले नाही.

आपल्याकडेही महायुद्धांत मराठा पलटणी लढल्या. साताऱ्याजवळचे आपशिंगे तर ‘मिलिटरी आपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. अशा गावांत जुन्या ट्रंकेत एखादे लष्करी पत्र, पदक किंवा मृताच्या घरच्यांना दिलेली काशाची गोल पाटी असू शकते. ती कुणी सांभाळली असेल तर एक विनंती आहे. कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, आणि पाकीट तर कधीच फेकू नका, कारण टपालाच्या शिक्क्यावरची तारीख अनेकदा पत्रापेक्षा जास्त सांगते. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, घरातल्या म्हाताऱ्यांना त्या माणसाबद्दल काय आठवते ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि ते कोणी, कधी सांगितले तेही खाली नोंदवा.