चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर

शाळेतल्या कराटेत जोडीचा सराव अंतर मोजूनच सुरू होतो. हल्ला करणारा पुढे पाऊल टाकून हात पूर्ण ताणतो. मूठ जोडीदाराच्या हनुवटीपासून वीतभर अलीकडे थांबली पाहिजे. मग दोघे मागे सरून 'रेई' म्हणजे वाकून नमस्कार करतात. 'जोदान' असे आधी सांगूनच चेहऱ्याच्या रेषेत ठोसा येतो. समोरचा एक पाऊल मागे घेत 'आगे-उके' करतो, म्हणजे पुढचा हात कपाळावर तिरका उचलतो.

हमखास चूक भिडस्तपणाची: लागू नये म्हणून मुले ठोसा कानाच्या बाजूने सोडतात. मग अडवायला काही उरतच नाही. ती ओळखायला जोडीदाराला हात खाली ठेवून उभे करावे आणि ठोसा अगदी सावकाश मारायला लावावा. मूठ हनुवटीसमोर थांबली नाही, तर वेग वाढवू नये.