मागची काच ओढायची नसते

फोनची मागची काच सक्शन कपने (हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या रबरी वाटीने) ओढून निघते, हा समज सर्रास आढळतो. काच धरून ठेवतो तो कडेचा गोंद. तो मऊ न करता ओढले, तर काच वाकते आणि तडकते.

नव्या स्टीलच्या डब्यावरचे लेबल आपण गॅसवर डबा जरा शेकवून काढतो, तसेच इथे. फोन बंद करून हेअर ड्रायर कडेने दोन-तीन मिनिटे फिरवत राहा. एका जागी थांबवू नका, आत बॅटरी आहे. काच जेमतेम हात लावता येईल इतकी तापली की पुरे, साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस. कप खालच्या कडेजवळ लावून हळू, सलग ताण द्या. केसाएवढी फट दिसली की कपाचे काम संपले. तिथून प्लास्टिकची पातळ पट्टी काही मिलिमीटरच आत सरकवून कडेकडेने गोंद कापायचा. पट्टी अडली तर जोर नको, पुन्हा शेक द्या.

आधीच तडकलेल्या काचेवर कप धरत नाही. तिच्यावर आधी रुंद चिकटपट्टी लावा, मग त्यावर कप. आयफोन ८ ते १३ यांची मागची काच मात्र या रीतीने निघत नाही.