भाकरी-आमटीच्या ताटाचा हिशेब

मागच्या वेळी गटातल्या एका ताईंनी विचारलं होतं, "ताटात प्रथिनं किती टक्के, हे घरी काढता येतं का?" येतं. चौथीपर्यंतचं गणित पुरतं.

आपलं सोलापूरचं साधं जेवण घेऊ. ज्वारीच्या दोन भाकरी, तुरीची आमटी, शेंगाची चटणी. वजन मात्र कच्च्या मालाचं करायचं, कारण भाकरीत आणि आमटीत पाणी मिसळलेलं असतं. समजा पीठ १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, शेंगदाणे २५ ग्रॅम आणि फोडणीचं तेल १० ग्रॅम. पाच जणांची आमटी असेल तर सगळी डाळ तोलून आपल्या वाट्याची काढायची.

कशात काय किती, याचे तक्ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली छापले आहेत. त्यातले आकडे मी गोल करून सांगते. प्रथिनं पिठातून १५ ग्रॅम, डाळीतून ७, शेंगदाण्यातून ६, म्हणजे २८. कर्बोदकं, म्हणजे पिष्ट आणि साखर, १०२, १७ आणि ४ मिळून १२३. स्निग्ध पदार्थ पिठातून ३, शेंगदाण्यातून १०, तेलातून १०, असे २३.

आता इथेच चूक होते. ग्रॅमवरून टक्के काढायचे नाहीत. प्रथिनं आणि कर्बोदकं एका ग्रॅमला ४ कॅलरी देतात, तेल-तूप ९ देतं. म्हणून २८ गुणिले ४ म्हणजे ११२, १२३ गुणिले ४ म्हणजे ४९२, आणि २३ गुणिले ९ म्हणजे २०७. बेरीज ८११ कॅलरी. प्रत्येक आकड्याला १०० ने गुणून ८११ ने भागा. प्रथिनं १४ टक्के, कर्बोदकं ६१, स्निग्ध २६. बेरीज १०१ येते ती गोल केल्यामुळे, घाबरू नका. ग्रॅमवरून काढलं असतं तर स्निग्ध १३ टक्केच दिसलं असतं, निम्मंच!

आता आपलं खरं ताट. सगळ्यांचं झाल्यावर पातेलं निपटलेलं असतं, चटणीही संपलेली. मग दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा. ठेच्यातलं तेल सोडून दिलं, तर फक्त पिठाचा हिशेब उरतो. प्रथिनांच्या ६० कॅलरी, कर्बोदकांच्या ४०८, स्निग्धाच्या २७, एकूण ४९५. प्रथिनं १२ टक्के.

चौदाचे बारा, म्हणजे फार काही बिघडलं नाही असं वाटतं ना? पण ग्रॅम बघा. २८ वरून १५ वर आले. एकच भाकरी खाल्ली तरी टक्के बाराच राहतील, प्रथिनं मात्र साडेसात ग्रॅम. एकूण जेवणच कमी झालं की टक्क्यांना त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून वहीत टक्क्यांशेजारी ग्रॅम आणि एकूण कॅलरीही लिहा.

पुढच्या बैठकीला तराजू घेऊन या. ताट वाढून दिल्यावर नव्हे, तुम्ही स्वतः जेवायला बसाल तेव्हाचं ताट मोजू.