लाभांशाला कात्री लावण्याआधीचं पत्र

वर्षानुवर्षं मिळणारा लाभांश हा भागधारकांना आपला हक्कच वाटू लागतो. म्हणून तो कमी करा, असं संचालक मंडळाला लिहिताना वित्त व्यवस्थापकाची खरी कसोटी लागते. ‘कंपनीच्या उज्ज्वल भवितव्यासाठी’ अशा शब्दांनी कुणाचं समाधान होत नाही. मंडळाला हिशेब हवा असतो, आणि तो नफ्याचा नव्हे, रोकड पैशाचा.

इंटेल या अमेरिकी चिप कंपनीचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. 2022 मध्ये तिच्या कामकाजातून सुमारे 1,540 कोटी डॉलर रोख आले. त्याच वर्षी कारखाने आणि यंत्रसामग्रीवर सुमारे 2,500 कोटी डॉलर खर्च झाले आणि वर आणखी 600 कोटी लाभांशापोटी गेले. वर्षाअखेर नफा दिसत होता, पण तिजोरीत येणाऱ्यापेक्षा जाणारा पैसा कितीतरी जास्त होता. म्हणजे भागधारकांना दिलेला पैसा एक प्रकारे कर्जाचा किंवा जुन्या शिलकीचा होता.

फेब्रुवारी 2023 मध्ये कंपनीने दर तिमाहीचा लाभांश प्रतिशेअर 36.5 सेंटवरून 12.5 सेंटवर आणला. यातून वर्षाला साधारण 400 कोटी डॉलर वाचणार होते. खर्चाच्या मानाने ही रक्कम लहान आहे, आणि पत्रात नेमकं हेच प्रामाणिकपणे लिहायला हवं: लाभांशकपात विस्ताराचा सगळा भार उचलत नाही, ती फक्त कर्जाचा बोजा हलका करते. उरलेला पैसा कुठून येणार, हे त्याच पत्रात नसेल तर मंडळाने ते परत पाठवावं.

दुसरी गोष्ट मुदतीची. नव्या कारखान्यातून उत्पन्न कधी सुरू होईल, आणि उशीर झाला तर काय? इंटेलच्या ओहायोतील कारखान्याचं उत्पादन आधी 2025 मध्ये सुरू व्हायचं होतं. पुढे ते 2030-31 पर्यंत लांबलं. ऑगस्ट 2024 मध्ये कंपनीने लाभांश पूर्ण थांबवण्याची घोषणा केली आणि त्याच वेळी निराशाजनक निकालही दिले. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे 26 टक्के कोसळला. ही पडझड केवळ लाभांशामुळे नव्हती, पण विस्ताराचं गणित फसलं की लाभांश कसा आटतो, हे त्यात दिसलं.

भारतात अंतिम लाभांशाची शिफारस संचालक मंडळ करतं आणि वार्षिक सभा तो मंजूर करते. सभेला शिफारशीपेक्षा जास्त लाभांश जाहीर करता येत नाही. त्यामुळे भागधारकांच्या वतीने खडे प्रश्न विचारण्याची खरी जागा मंडळाची बैठकच आहे.

तुमच्या कंपनीने अशी कपात केली, तर वार्षिक अहवालातलं रोख प्रवाहाचं पान आधी उघडा आणि सभेत विचारा: वाचलेला पैसा नेमका कोणत्या प्रकल्पात गेला, आणि तो कधी चालू होणार?